नेहमीच्या गिऱ्हाइकांना दिवाळीच्या शुभेच्छा लिहायच्या आहेत. मसुदा वाचून सांगावे

नदीकाठचा_किराणा | २९ ऑक्टोबर २०२३, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. नागपुरात नाग नदीच्या काठावरील एका वस्तीत माझे किराणा दुकान आहे. वडिलांनी सुरू केले, आता मी आणि माझी पत्नी सांभाळतो. महिन्याची यादी आमच्याकडे देणारी सुमारे १८० घरे आहेत आणि त्यांतील बहुतेकांशी आमचे नाते सामानाच्या पलीकडचे आहे.

२३ सप्टेंबरच्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नदीचे पाणी वस्तीत शिरले, तेव्हा दुकानात कमरेइतके पाणी होते. खालच्या फळ्यांवरची साखर, रवा, पोहे आणि तांदळाची पोती हातची गेली. अनेक गिऱ्हाइके, स्वतःच्या घरात चिखल असतानाही, खराटे आणि बादल्या घेऊन आली. अनंत चतुर्दशीला, म्हणजे सहाव्या दिवशी, दुकान पुन्हा उघडले. त्यामुळे या वर्षीच्या शुभेच्छा दरवर्षीसारखे दिव्याचे चित्र पाठवून उरकू नयेत, असे वाटते. मी केलेला मसुदा असा आहे:

«सन्माननीय ग्राहक, आपल्या मोलाच्या सहकार्यामुळेच आमची वाटचाल शक्य झाली आहे. प्रकाशाचा हा सण आपल्या आयुष्यात सुख, समृद्धी, आरोग्य आणि ऐश्वर्य घेऊन येवो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना. फराळासाठी लागणारे ताजे भाजके पोहे, रवा, मैदा आणि डाळवं उपलब्ध आहे. आपला लोभ असाच राहू द्यावा.»

पत्नी म्हणते की यात आपण दोघे कुठेच नाही. तिचे म्हणणे पटते, पण नेमके काय बदलावे ते समजत नाही.

---

विक्रीमित्र | २९ ऑक्टोबर, रात्री ११:१५

मसुदा उत्तम आहे, फक्त शेवट कमकुवत झाला आहे. हजार रुपयांच्या खरेदीवर पणत्यांचा एक संच मोफत, असे काही ठळक अक्षरांत लिहावे आणि त्याखाली मुदत द्यावी. पुरात झालेले नुकसान भरून काढण्याची हीच वेळ आहे.

---

नदीकाठचा_किराणा | २९ ऑक्टोबर, रात्री ११:३२

आपण आपुलकीने सुचवले, त्याबद्दल आभार. परंतु विक्री कशी वाढवावी, हा माझा प्रश्न नाही. दिवाळीचे सामान ही घरे तसेही आमच्याकडूनच नेतात.

---

इतवारीची_सरोज | ३० ऑक्टोबर, सकाळी ७:५०

भाऊ, इतवारीतील एका कापडाच्या पेढीवर मी २६ वर्षे पत्रव्यवहार सांभाळला आणि पाडव्याआधी जाणारी पोस्टकार्डे दरवर्षी माझ्याच हाताखालून जात असत, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

आपल्या मसुद्यातील शेवटून दुसरे वाक्य आधी काढावे. भाजके पोहे आल्याचे सांगण्यात गैर काहीच नाही, पण ते दुकानाच्या दारावरील पाटीवर लिहावे. ज्या क्षणी ते शुभेच्छांच्या शेजारी येते, त्या क्षणी वाचणारा मागे जाऊन वरची सगळी वाक्ये पुन्हा तपासतो आणि ती पोह्यांसाठीच लिहिली होती, असे ठरवून मोकळा होतो. एका ओळीमुळे बाकीच्या सगळ्या ओळी खोट्या ठरतात.

दुसरी गोष्ट संबोधनाची. «सन्माननीय ग्राहक» ही बँकेची भाषा आहे. आपल्या दुकानात कोणी शिरले की आपण «या काकू» म्हणता, की «या सन्माननीय ग्राहक» म्हणता? आमच्या पेढीवर शेठजींचा नियम होता की पत्र एका घराला जाते, ग्राहकवर्गाला नव्हे. त्यामुळे मजकूर छापलेला असला तरी वरचे नाव आणि खालची सही शाईने लिहिलेलीच असे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. सुख, समृद्धी, आरोग्य आणि ऐश्वर्य हे चारही शब्द चांगले आहेत, पण ते महाराष्ट्रातील प्रत्येक दुकानदार लिहितो. आपल्या नावावर अंगठा ठेवून मसुदा वाचा. तिथे औषधाच्या दुकानाचे किंवा पतसंस्थेचे नाव चालत असेल, तर त्या मजकुरात आपले असे काही उतरलेले नाही. आपण मसुद्याच्या वर जो परिच्छेद लिहिला आहे, खराटे आणि बादल्यांचा, तो वाचताना मी क्षणभर थांबले. मसुद्यात नेमके तेच गळले आहे.

---

तंत्रवेडा_ना | ३० ऑक्टोबर, सकाळी ९:०५

नावे हाताने लिहीत बसण्याची गरज नाही. व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट करावी. एका यादीत २५६ जण बसतात, म्हणजे आपली १८० घरे एकाच यादीत येतील, प्रत्येकाला स्वतंत्र संदेश गेल्यासारखा दिसेल आणि एकमेकांचे क्रमांकही कळणार नाहीत. पाच मिनिटांत सर्वांपर्यंत पोहोचेल.

---

नदीकाठचा_किराणा | ३० ऑक्टोबर, दुपारी २:२०

ही युक्ती मी सप्टेंबरमध्ये करून पाहिली होती. दुकान उद्या उघडणार, असा संदेश माझ्याकडे असलेल्या १४८ क्रमांकांना यादीतून पाठवला. नंतर संदेशाची माहिती उघडून पाहिली, तेव्हा तो फक्त ६१ जणांकडे पोहोचला होता. पुरात अनेकांचे मोबाईल भिजले, त्यामुळे असे झाले असावे, अशी मी समजूत करून घेतली.

---

दुरुस्तीवाला_सदर | ३० ऑक्टोबर, दुपारी ३:१०

भाऊ, त्यात पुराचा दोष थोडाच आहे. ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला संदेश फक्त त्यांनाच मिळतो, ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या मोबाईलमध्ये साठवलेला आहे. आपण त्यांचा साठवला, एवढे पुरत नाही. वस्तीतील दुकानाचा क्रमांक घरातील एकाच व्यक्तीकडे असतो, बाकीचे समोर येऊन सामान नेतात. तंत्रवेडा यांनी २५६ चा आकडा बरोबर सांगितला, ही अट मात्र सुटली.

भिजलेला मोबाईल होता की साठवलेला नसलेला क्रमांक, हे ओळखायचे असेल, तर न पोहोचलेल्यांपैकी दोघा-तिघांना वेगळा, थेट संदेश पाठवून पाहावा. तो पोहोचला, तर मोबाईल चालू आहे आणि आपला क्रमांक त्यांच्याकडे साठवलेला नाही, असे समजावे.

शिवाय ओळखीच्यांचा एक गट करून त्यात सर्वांना घालण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. गटात प्रत्येकाचा क्रमांक प्रत्येकाला दिसतो आणि आपल्या शुभेच्छेखाली लगेच ऐंशी जणांची फुले आणि दिवे येऊन पडतात.

---

नदीकाठचा_किराणा | ३० ऑक्टोबर, रात्री १०:०५

सदरभाऊ, तिघांना थेट संदेश पाठवला आणि तिघांनाही लगेच मिळाला. म्हणजे महिनाभर मी पाण्यालाच दोष देत होतो. आता चिठ्ठीचाच विचार पक्का करतो आहे. दुसरा मसुदा देतो:

«नमस्कार. सप्टेंबरच्या पुरात आमच्या दुकानाचे अतोनात नुकसान झाले. सर्व माल वाहून गेला आणि पुन्हा उभे राहणे अशक्य वाटत होते. अशा कठीण काळात आपण दिलेल्या साथीमुळे आम्ही तग धरून आहोत. यापुढेही आपली साथ मिळावी, हीच अपेक्षा. दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा.»

---

इतवारीची_सरोज | ३१ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

आता गाडी दुसऱ्या बाजूला गेली. यात दुकान आहे, पूर आहे, पण ज्याला पत्र लिहिले तो माणूस शेवटच्या तीन शब्दांपुरता आला आहे. वाचणाऱ्याला वाटेल की मदतीचे आवाहन आले आहे आणि खाली खाते क्रमांक असेल. ज्याची उधारी राहिली असेल, त्याला तर ही सभ्य भाषेतील वसुलीच वाटेल. लक्ष्मीपूजनाला वही पुजायची असते, म्हणून त्याआधी बाकी चुकती करण्याची रीत आहे आणि या दिवसांत दुकानदाराच्या प्रत्येक कागदाकडे लोक त्याच नजरेने पाहतात.

«अतोनात», «अशक्य», «कठीण काळ» हे सगळे काढून टाकावे. नुकसान त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे, ते त्यांना सांगावे लागत नाही. त्यांनी काय केले, तेवढेच सांगावे. आणि «यापुढेही साथ मिळावी» ही मागणी आहे, तीही जाऊ द्यावी. दिवाळीच्या चिठ्ठीत काहीही मागू नये, लोभसुद्धा मागू नये, असे माझे मत आहे; यावर आमच्या शेठजींशी माझा कायम वाद असे, कारण «लोभ असावा» लिहिल्याशिवाय त्यांना पत्र अपुरे वाटे.

---

शुद्धलेखन_दक्ष | ३१ ऑक्टोबर, सकाळी ११:००

चिठ्ठी छापणार असाल तर एवढे पाहावे की «दीपावली» हा शब्द दीर्घ «दी» ने लिहिला जातो आणि «दिवाळी» ऱ्हस्व «दि» ने. बाजारातील निम्म्या फलकांवर «दिपावली» असते. आपण «दिवाळी»च लिहावे, आपल्या मजकुराच्या सुराला तोच शब्द शोभतो.

---

बजाजनगरची_सून | ३१ ऑक्टोबर, दुपारी ४:३५

मी दुकानदार नाही, दुकानात जाणारी आहे, म्हणून इथे लिहावे की नाही याचा विचार करत होते. मे महिन्यात माझे सासरे गेले. या वर्षी आमच्याकडे सण नाही. आमच्या नेहमीच्या दुकानदाराने, जो सासऱ्यांना रोज संध्याकाळी पाहत असे आणि अंत्ययात्रेलाही आला होता, गणपतीत सर्वांबरोबर आम्हालाही जल्लोषाचा तयार संदेश पाठवला. त्याच्या मनात वाईट काही नव्हते, यादीत आमचे नाव होते एवढेच. पण सासूबाई तो संदेश बराच वेळ हातात धरून बसल्या होत्या. आपण १८० चिठ्ठ्या लिहिणार असाल, तर ज्या घरात या वर्षात कोणी गेले आहे, ती घरे आधी बाजूला काढावीत.

---

मानेवाडा_मधुकर | ३१ ऑक्टोबर, सायंकाळी ६:२०

ताई, आपल्या दुःखाचा मान ठेवून वेगळे मत मांडतो. माझी पत्नी गेली त्या वर्षी सर्वांनी आम्हाला इतके सांभाळून बाजूला काढले की दिवाळीच्या चार दिवसांत दाराशी कोणीच आले नाही. त्यापेक्षा चुकीची का होईना, एखादी चिठ्ठी आली असती, तर बरे वाटले असते. वगळणे हाही उपाय नव्हे.

---

नदीकाठचा_किराणा | ३१ ऑक्टोबर, रात्री ९:५०

आपण दोघांनीही लिहिले, हे फार बरे झाले. पत्नीबरोबर वही उघडून बसलो, तेव्हा या वर्षात मृत्यू झालेली नऊ घरे निघाली. त्यांना छापील चिठ्ठी द्यायची नाही, तर कोऱ्या कागदावर हाताने दोन ओळी लिहायच्या, «शुभ» आणि «हार्दिक» हे शब्द टाळायचे आणि गेलेल्या माणसाची एखादी आठवण लिहायची, असे सध्या ठरवतो आहोत. एक आजोबा रोज फक्त चार पेपरमिंट घ्यायला येत, त्यांच्या घरी तेच लिहिणार आहे. हे योग्य होईल की जखमेवरची खपली काढल्यासारखे होईल, याची खात्री मात्र मला नाही.

---

दीक्षाभूमीजवळ | १ नोव्हेंबर, सकाळी १०:१०

एक मुद्दा कोणी मांडला नाही. आपल्या वस्तीत बौद्ध घरे असतीलच. आमचा मोठा दिवस अशोक विजयादशमीचा, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा. तो या वर्षी २४ ऑक्टोबरला झाला. आमच्या घरी दिवाळी करत नाहीत, शेजारच्या घरी पणत्या लावतात, असे दोन्ही प्रकार एकाच गल्लीत आहेत. आपली चिठ्ठी मिळाली तर मला राग येणार नाही, कारण सण आपला आहे आणि तो आपण आमच्याबरोबर वाटून घेत आहात. मात्र त्यावर लक्ष्मीचे चित्र आणि «लक्ष्मीमातेची आपल्यावर कृपा राहो» असे असेल, तर ती चिठ्ठी मला उद्देशून नाही, हे लगेच कळते. «आमच्या घरची दिवाळी» असे लिहिलेत, तर कोणालाच अवघडल्यासारखे होणार नाही.

---

इतवारीची_सरोज | १ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

फार नेमके सांगितलेत. «आमच्या घरची दिवाळी» हा शब्दप्रयोग मला २६ वर्षांत सुचला नाही.

---

नदीकाठचा_किराणा | १ नोव्हेंबर, रात्री ११:२०

तिसरा मसुदा. वर घराचे नाव आणि खाली आम्हा दोघांच्या सह्या हाताने असतील.

«सप्टेंबरमध्ये दुकानातला चिखल निघाला, तो आपल्या वस्तीतल्या माणसांच्या हातांनी निघाला. अनंत चतुर्दशीला शटर वर केले, तेव्हा ओल गेलेली नव्हती आणि अर्ध्या फळ्या रिकाम्या होत्या, तरीही लोक पिशव्या घेऊन आले आणि जे होते ते घेऊन गेले. आमच्या घरी या वर्षी दिवा लावताना ही आठवण असेल. आपल्या घरी सगळे सुखरूप असोत. दिवाळीच्या शुभेच्छा.»

---

विक्रीमित्र | २ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

दुकानाचा क्रमांक तरी घालावा. चिठ्ठी घरात राहते, क्रमांक उपयोगी पडतो.

---

दुरुस्तीवाला_सदर | २ नोव्हेंबर, सकाळी १०:४५

एरवी मीही हेच म्हटले असते, कारण त्यामुळे क्रमांक साठवला जाईल. पण या चिठ्ठीवर नको. क्रमांक बिलावर छापून घ्या.

---

इतवारीची_सरोज | २ नोव्हेंबर, दुपारी १:००

मसुद्याला आता हात लावू नये. शेवटच्या वाक्यात «हार्दिक»ही नाही, ते बरे झाले. आता वाटपाविषयी सांगते, कारण चांगली पत्रे वाटपात वाया गेलेली मी पाहिली आहेत.

एका ए-फोर कागदाचे आठ तुकडे केले तर १७१ चिठ्ठ्यांना २२ कागद लागतात आणि पाच चिठ्ठ्या हाताशी उरतात. त्या लागतातच, कारण नाव चुकते. साधा, थोडा जाड कागद घ्यावा. गुळगुळीत चकचकीत कागदावर जेल पेनची शाई वाळत नाही आणि सही बोटाला लागते. महिन्याच्या सुरुवातीला याद्या येऊ लागल्याच असतील, म्हणून नावे वहीतील क्रमाने न लिहिता जे आधी येतात त्यांची आधी लिहावीत.

चिठ्ठी बिलाला टाचू नये. बिलासोबत आलेला कागद माणूस बिलाच्या नजरेनेच वाचतो, आणि बाकीचा आकडा खाली असेल तर विचारायलाच नको. पिशवी भरून झाली की सर्वांत वर, पोह्यांच्या किंवा शेवयांच्या पुड्यावर ठेवावी. तेलाच्या पाकिटाजवळ आणि हळदीजवळ नको. ज्या दिवशी कोणी उधारी चुकती करायला आले असेल, त्या दिवशी त्याला चिठ्ठी देऊ नये, पुढच्या खेपेला द्यावी; नाहीतर ती पावती वाटते.

आणि दुकान कधी बंद राहील, हे वेगळ्या पाटीवर तारीख आणि वार घालून लिहावे. या वर्षी धनत्रयोदशी शुक्रवारी १० तारखेला आहे, लक्ष्मीपूजन रविवारी १२ ला आणि पाडवा थेट मंगळवारी १४ ला. मधला सोमवार रिकामा असल्याने «लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी बंद» असे लिहिले, तर निम्मे लोक पाडवा समजतील.

---

तंत्रवेडा_ना | २ नोव्हेंबर, रात्री ८:१५

माझी अट सुटली होती, हे मान्य आहे. परंतु ज्यांना चिठ्ठी मिळणार नाही, जे पुरानंतर दुसरीकडे राहायला गेले, त्यांचे काय? त्यांना तरी संदेशच पाठवावा लागेल.

---

नदीकाठचा_किराणा | २ नोव्हेंबर, रात्री १०:३०

अशी सहा घरे आहेत. त्यांना एकेक करून, हाताने लिहून पाठवीन. एकाला लिहिलेले दुसऱ्याला पुढे ढकलायचे नाही, म्हणून प्रत्येक वेळी नव्याने टाईप करणार आहे. सहाच तर आहेत.

---

नदीकाठचा_किराणा | १७ नोव्हेंबर, रात्री १०:१०

दिवाळी झाली. ज्यांनी वेळ दिला त्यांना काय झाले ते कळवणे माझे काम आहे.

रोज रात्री शटर ओढल्यावर आम्ही दोघे नावे लिहीत होतो. तिचे अक्षर चांगले आहे, म्हणून नावे तिने लिहिली आणि मी सह्या केल्या. पहिल्याच दिवशी चूक झाली: एका आडनावाची दोन घरे एकाच इमारतीत आहेत आणि त्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. दोघांनी आपापसांत बदलून घेतल्या आणि दुकानात येऊन हसून सांगितले. त्यानंतर नावापुढे मजला लिहिला.

बहुतेकांनी काहीच म्हटले नाही आणि मला तेच बरे वाटले. एक काका मात्र चिठ्ठी घेऊन परत आले आणि गंभीरपणे म्हणाले की चिखल काढायला ते आलेच नव्हते, त्या आठवड्यात ते अमरावतीला मुलीकडे होते, तेव्हा ही चिठ्ठी त्यांना लागू होत नाही. «वस्तीतल्या माणसांच्या हातांनी» लिहिताना ही शक्यता माझ्या लक्षात आली नव्हती. मी त्यांना म्हटले की चिठ्ठी घराच्या नावावर आहे. ते घेऊन गेले, पण त्यांचे समाधान झाले असे दिसले नाही.

नऊ घरांपैकी आठ घरी मी स्वतः जाऊन कागद दिला. पेपरमिंटवाल्या आजोबांच्या सुनेने तो वाचला, घडी घातली आणि चहा टाकते म्हणाली. दुसऱ्या एका घरी दार अर्धेच उघडले आणि कागद घेऊन लगेच लावले. त्यावरून काय समजावे, हे मला ठरवता आलेले नाही.

---

मानेवाडा_मधुकर | १७ नोव्हेंबर, रात्री १०:५५

आणि नववे घर?

---

नदीकाठचा_किराणा | १८ नोव्हेंबर, सकाळी ६:४५

त्या घराला सप्टेंबरपासून कुलूप आहे. कागद गल्ल्यात, वहीच्या पहिल्या पानात ठेवला आहे.